प्रतिसाद: 'दुसऱ्या' निम्म्याच ठिकाणी सापडतो

> 'भाषांतराच्या मार्गदर्शिकेत लेखनाचे नियम ठरले, सगळे पाळतात, तरी "दुसऱ्या" शोधला की निम्म्याच ठिकाणी सापडतो.'

इथे शुद्धलेखन ठीक आहे, टंकन वेगळं आहे. 'ऱ्य' दोन प्रकारे साठवला जातो: काही कीबोर्ड U+0931 U+094D U+092F देतात, काही U+0930 U+094D U+200D U+092F. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध आणि अनुवाद-स्मृती यांना ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोड नॉर्मलायझेशननेही ते एक होत नाहीत. त्यामुळे मार्गदर्शिकेत 'ऱ्य, ऱ्ह लिहावे' एवढं पुरत नाही, कोडही नोंदवा. मी पहिला प्रकार घेईन. त्यात अदृश्य अक्षर नसतं. जुन्या फायली आणि स्मृती दोन्हींवर हे चालवा:

```
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

हे आधी, अदृश्य अक्षरांची सफाई नंतर. क्रम उलटला तर U+200D उडतो आणि 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो. 'आचाऱ्यांना'चा 'आचार्यांना' झाला तर स्वयंपाकी थेट गुरुपदी, आणि शब्दतपासनीस गप्प!

विरामचिन्हांतही हीच गत. 'टीप:' मध्ये कोलन (U+003A) हवा, पण अनेकजण विसर्ग (U+0903) टंकतात. शब्दाच्या शेवटी, पुढे मोकळी जागा असलेले सगळे विसर्ग शोधा. मात्र सरसकट बदलू नका, 'स्वतः' आणि 'अंशतः' त्यातच सापडतील.