शब्दचर्चा : 'पो फू छन जोऊ' – भांडी फोडा, नावा बुडवा

ओळखरेघ : एका चिनी कथेचा इंग्रजीवरून मराठी अनुवाद करते आहे. कथेची दोन इंग्रजी भाषांतरं हाताशी आहेत. नायक बँकेतली नोकरी सोडून सरकारी परीक्षेच्या तयारीला लागतो, तिथे मुळात 'पो फू छन जोऊ' हा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. एका इंग्रजी भाषांतरात 'ही स्मॅश्ड द पॉट्स, सँक द बोट्स अँड रिझाइन्ड' असं आहे, दुसऱ्यात 'ही बर्न्ट हिज ब्रिजेस अँड रिझाइन्ड'. पहिलं वाचून काही कळेना, म्हणून दुसऱ्यावरून 'सगळ्यांशी संबंध तोडून त्याने राजीनामा दिला' असं लिहिलं. पण पुढच्याच पानावर बँकेतले सहकारी त्याला हसतखेळत निरोप देतात. भांडी आणि नावा ही काय भानगड आहे?

घाटमाथा : ही हान शिन या सेनापतीची गोष्ट. त्याने सैन्य नदीकडे पाठ करून उभं केलं, मागे पाणी असल्यामुळे कुणाला पळता येईना, म्हणून सगळे जिवावर उदार होऊन लढले आणि जिंकले. नावा बुडवल्या त्या तेव्हाच. इंग्रजीत याला 'बॅक टू द वॉल' म्हणतात. तेच घाला.

कोशकीटक : घाटमाथा, नदी आणि जिवावर उदार होणं बरोबर आहे, पण तुम्ही दोन लढाया एकत्र केल्या आहेत. हान शिनची लढाई जिंगशिंगची, इ.स.पू. २०४ मधली, आणि तिच्यावरून आलेला वाक्प्रचार वेगळा आहे : 'बेई श्वेइ यी जान', म्हणजे पाण्याकडे पाठ करून दिलेली झुंज. त्यात त्याने काहीच बुडवलं नाही. शिवाय दोन हजार घोडेस्वार लाल निशाणं देऊन आधीच डोंगरात दडवले होते. शत्रू छावणी सोडून नदीकाठी धावून आला तेव्हा त्यांनी रिकाम्या छावणीवर ती निशाणं रोवली. म्हणजे तिथला विजय नुसता जिद्दीचा नाही, डावपेचाचाही आहे.

भांडी आणि नावांची गोष्ट त्याच्या तीनेक वर्षं आधीची, चू राज्याच्या श्यांग यू या सेनानीची. इतिहासकार सीमा च्येन यांच्या 'शिजी' या प्राचीन इतिहासग्रंथात ती आहे. छिन सैन्याने ज्यू-लू गावात जाओ राज्याच्या राजाला कोंडलं होतं. चू राज्याने सोडवणुकीसाठी फौज पाठवली, पण तिचा मुख्य सेनापती सोंग यी वाटेत ४६ दिवस तळ ठोकून बसला. छिन आणि जाओ एकमेकांशी लढून थकू देत, मग आपण उतरू, हा त्याचा हिशेब. थंडी, पाऊस, सैनिक उपाशी. अखेर श्यांग यूने एका सकाळी त्याच्या तंबूत जाऊन त्यालाच मारलं आणि फौज ताब्यात घेतली. मग सगळं सैन्य नदीपार नेलं, नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या आणि प्रत्येकाजवळ फक्त तीन दिवसांचं अन्न ठेवलं. परत फिरायचा विचारही मनात येऊ नये म्हणून, असं कारण मजकुरातच दिलं आहे. हे इ.स.पू. २०७.

तिरकस : नावा समजल्या. भांडी कशाला फोडायची? पळणाऱ्याला पातेलं कुठे आडवं येतं?

कोशकीटक : चांगला प्रश्न आहे, कारण इंग्रजीत नेमकी भांडीच गळतात. नाव बुडाली की मागे जाता येत नाही. भांडं फुटलं की जागेवर थांबताही येत नाही. सोंग यीने ४६ दिवस जे केलं, तळ ठोकून बसणं, तेच श्यांग यूने अशक्य करून टाकलं. तीन दिवसांत जिंकलं नाही तर चूल पेटणार नाही. म्हणून 'बर्न द बोट्स'मध्ये अर्धाच अर्थ येतो : माघार बंद झाली, पण मुदत राहून गेली.

तपशिलातली एक गोष्ट. मजकुरात दोन भांडी आहेत. 'फू' म्हणजे गोल बुडाचं, पाय नसलेलं, चुलीवर बसणारं मोठं भांडं, आणि 'जंग' म्हणजे त्यावर ठेवायचं, बुडाला भोकं असलेलं, वाफेवर धान्य शिजवायचं भांडं. चार अक्षरांत बसवताना 'जंग' गळलं आणि क्रमही उलटला. मजकुरात नावा आधी आणि भांडी नंतर आहेत. इंग्रजीत बरेच जण 'कॉल्ड्रन' लिहितात, त्यामुळे इंग्रज वाचकाला चेटकिणीची कढई आठवते. 'पॉट्स' साधं आणि बरं. मराठीत 'हंडे' चालेल.

मीठभाकर : माझ्या मुलाने मागच्या कंपनीत भांडून राजीनामा दिला, आता नव्या ठिकाणी जुन्या साहेबांचं पत्र मागतात. त्याला हेच लागू होईल ना? आणि हे वाक्य चिनी अक्षरांत लिहून भिंतीवर लावायचं असेल तर कोणती अक्षरं?

ओळखरेघ : मीठभाकर, तुमच्या मुलाला बहुतेक माझं चुकीचं मराठी वाक्य लागू होतंय.

कोशकीटक : हो, तिथे आजच्या अर्थाने 'बर्न्ट हिज ब्रिजेस' बसेल. इंग्रजी वाक्प्रचारही मुळात लष्करीच : पूल जाळला की सैन्याला परत जाता येत नाही. पण आजच्या इंग्रजीत तो बहुतेक वेळा माणसांशी बिघडवलेल्या संबंधांसाठी वापरतात, आणि त्यात थोडा दोष देण्याचा सूर असतो. 'पो फू छन जोऊ'त दोष नाही, कौतुक आहे. वापरताना तीन गोष्टी पाहायच्या : कर्त्याने साधनं स्वतःहून आणि जाणूनबुजून मोडलेली हवीत, काम सुरू होण्याआधी मोडलेली हवीत, आणि पुढे एक निश्चित लक्ष्य हवं. चिडून केलेलं असेल, किंवा परिस्थितीने कोंडलं असेल, तर हा वाक्प्रचार चुकतो. कोंडलेल्यासाठी 'बेई श्वेइ यी जान' आहे. हरलो तर स्पर्धेबाहेर अशा सामन्याच्या बातमीत तो हमखास दिसतो, आणि तिथे घाटमाथांचं 'बॅक टू द वॉल' बऱ्यापैकी बसतं. (अक्षरं भिंतीवर लावणार असाल तर आधी वाचता येणाऱ्याकडून तपासून घ्या. 'जोऊ' उच्चाराची दुसरी अक्षरंही आहेत, त्यातल्या एकाचा अर्थ पेज.)

तिरकस : मग मराठीत अनुवाद शोधायचा कशाला? 'परतीचे दोर कापणे' तयार आहे. सिंहगड, १६७०, तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले. सैन्य, माघार, मुद्दाम केलेलं नुकसान, कौतुकाचा सूर, सगळं जुळतं. इंग्रजीवाल्यांना जे मिळालं नाही ते आपल्याला फुकटात मिळालंय.

घाटमाथा : याला माझा पाठिंबा. आणि मूळ कल्पना नावांचीच आहे असंही नाही. सुन-त्झूच्या युद्धग्रंथात म्हटलंय की सेनापतीने सैन्याला उंचावर चढवून मग शिडी काढून घ्यावी. शिडी आणि दोर यांत फरक तो काय?

कोशकीटक : शिडीचा दाखला अचूक आहे. त्या ग्रंथाच्या प्रचलित पाठात त्याच ठिकाणी नावा जाळणं आणि भांडी फोडणंही आहे. नदी ओलांडून नावा जाळल्याची नोंद तर छिनच्याच एका स्वारीबद्दल इ.स.पू. ६२४ ची आहे, म्हणजे श्यांग यू पहिला नव्हे.

पण 'दोर कापणे'बद्दल माझी एक अडचण आहे. आपल्या कथेत पळापळ सुरू झाल्यावर दोर कापले गेले. श्यांग यूने लढाईचं तोंड लागण्याआधी नावा बुडवल्या. एक उपाय आहे, दुसरा बेत. ओळखरेघ यांच्या कथेतला नायक शांतपणे बेत करतोय.

तिरकस : आज 'त्याने परतीचे दोर कापले' म्हणताना कोण ही वेळ मोजतो? वापरात तो बेतच झालाय.

कोशकीटक : वापराबद्दल मान्य. तरी चिनी पात्राच्या तोंडी सिंहगड ऐकू येणं मला खटकतं. यावर आपलं एकमत होणार नाही.

ओळखरेघ : याच कथेत पुढे 'ज्वो बी शांग ग्वान' आहे. परीक्षेच्या काळात थोरला भाऊ मदत करत नाही, त्याबद्दल. दोन्ही इंग्रजीत 'सॅट ऑन द फेन्स'. 'कुंपणावर बसणे' घेऊ का?

कोशकीटक : नको. लेखकाने मुद्दाम केलं असणार, कारण तो वाक्प्रचार त्याच लढाईतून आला आहे. जाओला मदत करायला दहाहून जास्त सरदारांच्या छावण्या ज्यू-लूजवळ येऊन बसल्या होत्या, पण कुणाची बाहेर पडायची छाती नव्हती. श्यांग यू छिनवर तुटून पडला तेव्हा ते सगळे आपापल्या तटबंदीवरून बघत राहिले. तर शब्दशः 'तटावर उभं राहून बघणे'. कुंपणावर बसलेल्याचा कुठली बाजू घ्यावी हे ठरलेलं नसतं. या सरदारांची बाजू ठरलेली होती, ते मदतीलाच आले होते, फक्त हात हलवत नव्हते. इंग्रजीत 'वॉच्ड फ्रॉम द रॅम्पार्ट्स' असंच ठेवावं, किंवा गोष्ट नको असेल तर 'स्टुड बाय अँड वॉच्ड'. मराठीत 'बघ्याची भूमिका घेतली' नेमकं बसतं. भाऊ घरचाच आहे, त्यामुळे बोच बरोबर लागते.

ओळखरेघ : ते पटलं, बदलते. पण 'दोर कापणे' घ्यायला आता वेगळंच कारण आड येतंय. शेवटी आई म्हणते, 'भांडी फोडून बसलास, आता संध्याकाळी भात कशात शिजवू?' पूल जाळणाऱ्या भाषांतरकाराने हे वाक्यच गाळलंय.

तिरकस : दोर कापलेस, आता खाली कसा उतरणार?

कोशकीटक : तिरकस, मस्त आहे, पण भात गेला. आईच्या वाक्यात तीन दिवसांचं अन्न आहे, पगार बंद झाल्याची काळजी आहे. दोरात ते येणार नाही. मी पहिल्या ठिकाणी असं लिहीन : 'श्यांग यूने नदीपार होऊन नावा बुडवल्या, हंडे फोडले, तसं करून त्याने राजीनामा दिला.' सात-आठ शब्द वाढतात, तळटीप वाचते, आणि आईला फोडायला हंडा मिळतो.

घाटमाथा : पण मूळ लेखकाने चार अक्षरांत उरकलंय. तुमचं वाक्य इतिहासाचा तास घेतंय. श्यांग यूचं नाव काढा. 'नावा बुडवून, हंडे फोडून त्याने राजीनामा दिला.' वाचक क्षणभर अडखळेल, आईपर्यंत पोचला की समजेल.

ओळखरेघ : दोन्ही लिहून ठेवते. नाव काढलं तर भावाच्या ठिकाणी तट कुठून आणायचा, ते बघावं लागेल.