मदत हवी आहे: छापील तक्त्याचा फोटो एक्सेलमध्ये आणायचाय, पण एककं आणि तळटिपा गळतायत

कलिना_लोकल

नमस्कार मंडळी,

एमएच्या प्रबंधासाठी जिल्हावार पिकांची जुनी आकडेवारी लागतेय. फोर्टातल्या एका ग्रंथालयात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची सांख्यिकी पुस्तिका सापडली. पुस्तक घरी देत नाहीत, आणि बाइंडिंग सुटलेलं म्हणून झेरॉक्सही नाही. मोबाइलवर फोटो काढू देतात, तेवढे काढून आणलेत.

तक्ता असा आहे: डावीकडे जिल्हे, प्रत्येक विभागाखाली त्या विभागाची बेरीज. वर पिकं, आणि प्रत्येक पिकाखाली क्षेत्र, उत्पादन, दर हेक्टरी उत्पादन असे तीन रकाने. आकडे देवनागरी. डोक्यावर बारीक अक्षरांत "क्षेत्र '०० हेक्टर, उत्पादन '०० मे. टन", पण कापसाच्या रकान्यावर वेगळंच, "'०० गाठी". काही आकड्यांच्या खांद्यावर चिमुकले १, २, काहींवर फुली (*). तळटिपा निम्म्या या पानाखाली, निम्म्या पुढच्या. रिकाम्या जागी कुठे "–" तर कुठे "..".

एक्सेलमधल्या फोटोवरून तक्ता घ्यायच्या सोयीने केलं, तर एककांची ओळ गायब. टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने केलं, तर आकडे बरे येतात, पण उभ्या रेघा दंड (।) किंवा १ होतात आणि कोकण विभागाची बेरीज छापील बेरजेशी जुळत नाही. फुलीवाले आकडे तर बेरजेत धरलेच जात नाहीत. रांगा-रकाने हवेतच, पण कुठला आकडा कुठल्या टिपेचा हेही हवं. कसं करावं?

दादर_टीटी

सोपं आहे. टॅब्युला नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पीडीएफ टाका, तक्त्याभोवती चौकोन ओढा, सीएसव्ही मिळते. आणि फुल्यांचं म्हणाल तर फाइंड-रिप्लेस उघडा, * च्या जागी काहीच नको म्हणा. दोन मिनिटांचं काम.

जुना_सांख्यिक

दादरकर, जरा थांबा. टॅब्युला पीडीएफमधली अक्षरं उचलतं. फोटोची पीडीएफ केली तरी आत चित्रच असतं, तिथे त्याला उचलायला काही नाही. सरकारी संकेतस्थळावरच्या हल्लीच्या पीडीएफसाठी मात्र ते उत्तम आहे, मीही वापरतो.

पण दुसरा सल्ला आधी मागे घ्या. एक्सेलच्या शोधात * म्हणजे "काहीही". ती बदलायला सांगितली की फुलीच काय, भरलेला प्रत्येक सेल रिकामा होईल. फुली शोधायची तर `~*` असं लिहावं लागतं. आणि मुळात फुली पुसायचीच कशाला? बाई तीच जपायची म्हणतायत.

दादर_टीटी

बापरे, `~*` माहीत नव्हतं. पण बेरीज करायची तर आकडा स्वच्छ हवा ना? फुलीसकट बेरीज कशी होणार?

जुना_सांख्यिक

आकडा स्वच्छ हवा, पण त्याच्यासाठी वेगळा रकाना करा. मी आयुष्यभर तक्ते तपासले, त्यातून एक सवय लागली आहे: कागदावर जे आहे ते एका रकान्यात जसंच्या तसं लिहायचं आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. हिशेबाचा आकडा शेजारी. कलिनाताई, तुमचा आडवा तक्ता तसाच ठेवू नका, उभा करा. छापलेल्या प्रत्येक आकड्याला एक ओळ. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, कुठल्या पानावरचे नाहीत:

```
जिल्हा,पीक,बाब,छापील,आकडा,एकक,खूण,पान
रायगड,भात,क्षेत्र,४१२¹,412,१०० हेक्टर,1,37
रायगड,कापूस,उत्पादन,–,,१०० गाठी,–,37
```

एकक प्रत्येक ओळीत आलं, म्हणजे डोक्यावरची ओळ हरवायचा प्रश्नच उरला नाही. १०० ने गुणून मोकळे होऊ नका. "१०० हेक्टर" असंच राहू दे, नाहीतर पुढे कुणाला कळणार नाही की गुणलंय की नाही. तळटिपांची वेगळी शीट करा, त्यात पान, खूण आणि टिपेचा पूर्ण मजकूर. पान लिहायला विसरू नका, कारण ३७ व्या पानावरचा १ आणि ३८ व्या पानावरचा १ वेगवेगळे असू शकतात.

"–" आणि ".." दोन्हींना शून्य करू नका. बहुधा पहिल्याचा अर्थ "नाही" आणि दुसऱ्याचा "माहिती मिळाली नाही" असा असतो, पण पुस्तकागणिक बदलतो. खुणांचा खुलासा पुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांत असतो, त्याचा फोटो आहे का?

निशिगंधा_गोरेगाव

मध्येच विचारते, राग मानू नका. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या जुन्या वह्या आहेत, माजी सेक्रेटरींच्या हस्ताक्षरात. त्यांचाही असाच फोटो काढून तक्ता होईल का? ऑडिटर मागे लागलाय.

जुना_सांख्यिक

निशिगंधाताई, हाताने लिहिलेल्या वहीला हे सगळं लागू नाही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. तेच लवकर होईल.

कोडवाला_मुलुंड

टेसरॅक्टबद्दल माझे दोन पैसे. भाषा `eng+mar` दिली असेल तर ती आधी बदला. देवनागरी १ दिसायला इंग्रजी 9 सारखा, त्यामुळे दोन्ही भाषा चालू असल्या की तो कधी १ वाचतो कधी 9. नुसतं `mar` द्या:

```
tesseract pan37.png pan37 -l mar --psm 6 tsv
```

शेवटच्या `tsv` मुळे प्रत्येक शब्दाची जागाही मिळते: left, top, width, height. रकाने left वरून लावायचे, मधल्या मोकळ्या जागेच्या अंदाजाने नाही. रिकाम्या सेलमुळे आकडे एक घर डावीकडे सरकतात, ते त्याने थांबतं. उभ्या रेघा आधी चित्रातून पुसून टाका, दंड आपोआप जातील.

देवनागरी आकडे पायथॉनला चालतात, `int('४१२')` दिलं की 412 मिळतं. एक्सेलमध्ये नेताना मात्र 0-9 करूनच न्या. आणि `tessedit_char_whitelist` मध्ये फक्त अंक ठेवले की अचूकता वाढते, तेही करा.

जुना_सांख्यिक

शेवटचं सोडून सगळं पटलं. फक्त अंक वाचायला सांगितलं की फुली एकतर गळते, नाहीतर तिचा एखादा अंक होतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. खुणा नसलेल्या पानावर खुशाल करा, या पानावर नको.

आता कोकणाची बेरीज. माझा संशय खांद्यावरच्या चिमुकल्या अंकावर आहे. तो मुख्य आकड्याला चिकटून वाचला जातो, म्हणजे ४१२¹ चा ४१२१ होतो. हे ओळखायची एक युक्ती आहे. आकड्याच्या शेवटी अंक चिकटला की मूळ आकडा दसपट होतो, अधिक तो अंक. म्हणून तुमची बेरीज छापील बेरजेपेक्षा मूळ आकड्याच्या नऊपट अधिक खुणेचा अंक, इतकी जास्त येते. वरच्या उदाहरणात ४१२१ वजा ४१२ म्हणजे ३७०९. याला ९ ने भागा: भागाकार ४१२, बाकी १. भागाकार हा मूळ आकडा आणि बाकी हा टिपेचा क्रमांक. मग त्या रकान्यात ४१२१ शोधायचा आणि फोटो मोठा करून खात्री करायची. खात्री केल्याशिवाय बदलायचं नाही.

रकान्यात अशी चूक एकच असेल तरच हे चालतं. शिवाय छापील आकडे शंभराच्या पटीत पूर्णांक केलेले असतात, म्हणून खऱ्या बेरजेतही एक-दोनचा फरक राहतो आणि बाकी तेवढीच हलते. भागाकार मात्र बहुधा तोच येतो.

कलिना_लोकल

काका, लागलं! भाताच्या क्षेत्राच्या रकान्यात फरकाला ९ ने भागल्यावर बाकी २ आली आणि भागाकाराचा आकडा रायगडसमोर सापडला. फोटो मोठा केला तर त्याच्या खांद्यावर खरंच बारीक २ आहे. दुसऱ्या एका रकान्यात मात्र फरक ९ ने भागून काहीच हाती लागत नाही.

भाषा नुसती `mar` केल्यावर १ आणि 9 चा घोळ गेला. रेघाही पुसल्या.

आता कापूस. गाठ म्हणजे किती किलो, ते या पानावर नाही. १७० धरू का?

दादर_टीटी

१७० च. रोज बाजारभावाच्या बातम्यांत हेच असतं.

जुना_सांख्यिक

आता १७० किलोची धरतात हे खरं, पण जुन्या तक्त्यांत १८० किलोचीही गाठ दिसते. बातम्या कशाला, तुमचं पानच सांगेल. दर हेक्टरी उत्पादनाचा रकाना किलोत आहे ना? क्षेत्र आणि गाठी दोन्ही शंभरात, त्यामुळे शंभर शंभरला कटतो. गाठी गुणिले गाठीचं वजन, भागिले क्षेत्र. मनचे आकडे घेऊ: क्षेत्र ५००, गाठी ४५०. गाठ १७० किलोची असेल तर हेक्टरी १५३ किलो, १८० ची असेल तर १६२. छापलेला आकडा कशाशी जुळतो ते बघा. दोन-चार मोठे जिल्हे घ्या. ज्यांचं क्षेत्र आठ-दहा शेकडे आहे त्यांत पूर्णांकाचा फरकच फार पडतो.

वजन असं काढलंत तर टिपांच्या शीटमध्ये "छापील नाही, उत्पादकतेवरून काढले" असं लिहा. छापील टीप आणि तुमची टीप यांची सरमिसळ नको.

कोडवाला_मुलुंड

हाच हिशेब भातालाही लावा की. उत्पादन भागिले क्षेत्र गुणिले १०००. जिथे छापील हेक्टरी उत्पादनाशी जुळत नाही तिथेच अंक चुकला असणार. बेरीज फक्त रकाना सांगते, हा हिशेब थेट ओळ सांगतो. तुमचा तो न सुटलेला रकानाही यातून सुटेल.

कलिना_लोकल

कापसाचं झालं: अकोला, यवतमाळ, अमरावती तिन्ही एकाच वजनाशी जुळले आणि ते १७० आहे. तशी नोंद केली.

न सुटलेल्या रकान्यात दोन चुका निघाल्या, एक खुणेची आणि एक ५ चा ४. आता फरक फक्त एकचा आहे.

एक अडलंय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन ओळींना मिळून एक महिरपी कंस आहे आणि समोर एकच आकडा. टीप फुलीची, "सिंधुदुर्ग समाविष्ट". मी तो रत्नागिरीच्या ओळीत लिहू की निम्मा निम्मा करू?

दादर_टीटी

निम्मा करू नका, ते तर मलाही कळतं.

जुना_सांख्यिक

निम्मा नकोच. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्या सुमाराच्या तक्त्यांत हे असं येणारच. मी जिल्ह्याच्या रकान्यात "रत्नागिरी + सिंधुदुर्ग" अशी एकच ओळ करीन.

कोडवाला_मुलुंड

मी उलट करीन. दोन ओळी ठेवायच्या, आकडा रत्नागिरीत, सिंधुदुर्ग रिकामा आणि खुणेत "रत्नागिरीत पाहा". नाहीतर पुढच्या वर्षांशी जिल्ह्याच्या नावावरून जोडताना ती तिसरी ओळ कुठेच बसत नाही.

जुना_सांख्यिक

आणि तुमच्या पद्धतीत कुणी नुसती रत्नागिरी उचलली की पुढच्या वर्षांत, सिंधुदुर्गाचे आकडे वेगळे झाल्यावर, पीक बुडालं असं वाटेल. असो, ज्याची त्याची पद्धत. त्यांच्या गाइडना विचारू दे.

कलिना_लोकल

सध्या एकत्र ओळ ठेवते, गाइडना विचारते. शनिवारी परत फोर्टात जातेय, खुणांच्या खुलाशाच्या पानाचा फोटो घ्यायला. ".." असलेले सेल तोवर रिकामेच ठेवलेत.

जुना_सांख्यिक

जाताच आहात तर पुस्तिकेच्या शेवटीही बघा. शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवलेली असते, बऱ्याचदा आतल्या बाजूला दुमडलेली. तो एकचा फरक तिथे निघाला तर इथे सांगा.