मदत हवी आहे: जप्त केलेल्या मोबाईलचा पिन पोलिसांना द्यावाच लागतो का?

सुहास_नाशिक:
माझ्या धाकट्या भावाचा मोबाईल पोलिसांनी ठेवून घेतला असून उद्या सकाळी पिन सांगण्यासाठी त्याला पुन्हा बोलावले आहे. पिन दिला नाही तर अटक होईल, असे त्याला तोंडी सांगण्यात आले. फोनमध्ये त्याच्या पत्नीचे गूगल खातेही उघडे असून त्यात घरातले सारे फोटो आणि तिची वैद्यकीय कागदपत्रे आहेत. नकार देता येतो का, एवढेच कृपया लवकर सांगा.

रानवारा:
राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे पिनही देऊ नये आणि बोटाचा ठसाही देऊ नये. विषय संपला.

अ‍ॅड_मृणाल:
सुहासजी, आपला भाऊ आरोपी आहे की साक्षीदार? गुन्हा नोंदवला आहे का, नोटीस कोणत्या कलमाखाली आहे आणि जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मिळाली का? हे कळल्याशिवाय दिलेले उत्तर धोक्याचे ठरेल.

दिगंबर काका:
माझा मोबाईल बसमध्ये चोरीला गेला, तेव्हा मी दुसऱ्या फोनवरून त्यातील सगळी माहिती पुसून टाकली होती. तुम्हीही आज रात्रीच तसे करा.

अ‍ॅड_मृणाल:
काका, कृपया हा सल्ला मागे घ्या. तुमचा फोन चोराकडे होता, हा तपासातील मुद्देमाल आहे. पुरावा ठरू शकेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आज ज्याच्यावरचा आरोप कदाचित टिकणारही नाही, त्याच्यावर उद्या टिकणारा आरोप येईल.

सुहास_नाशिक:
भाऊ एका व्यापाऱ्याकडे हिशेब पाहत होता. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला असून त्यात त्याचे नाव आरोपी म्हणून आहे. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली आहे. पंचनामा झाला, पण प्रत मिळालेली नाही. हे सांगायला हवे होते हे लक्षात आले नाही.

अ‍ॅड_मृणाल:
आता बोलता येईल. त्याने हजर राहावे, कारण नोटिशीप्रमाणे हजर राहून सहकार्य करणे बंधनकारक आहे आणि हजर न राहिल्यास अटकेचे कारण आपणच पुरवतो. परंतु पिन सांगणे हा सहकार्याचा भाग आहे का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात असे म्हटले की पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. मात्र तपास अधिकारी स्वतःच्या अधिकारात त्याची सक्ती करू शकत नाही, त्यासाठी न्यायालयाकडे जावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये संकेत मोदी यांच्या जामीन प्रकरणात उलट दिशेने, कलम २०(३) चे संरक्षण पाहता आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येत नाही, असे सांगितले. हे दोन्ही निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, त्यांचे वजन केवळ मार्गदर्शनाचे आहे.

रानवारा:
म्हणजे मी बरोबरच होतो.

अ‍ॅड_मृणाल:
पिनबाबत बऱ्याच अंशी, ठशाबाबत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्येच, काठी कालू ओघड प्रकरणात, ठसे देणे ही साक्ष नाही असे ठरवले.

रानवारा:
तो ठसा ओळख पटवण्यासाठी होता, संपूर्ण खासगी आयुष्य उघडण्यासाठी नव्हता. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर हा फरक न्यायालयाने मानलाच पाहिजे.

अ‍ॅड_मृणाल:
तसा युक्तिवाद जरूर करता येईल, पण तो अजून मान्य झालेला आहे असे समजून कोणी ठाण्यात जाऊ नये.

तंत्रस्नेही:
प्रत्यक्षात फोन बंद करून पुन्हा चालू केला की आधी पिन द्यावाच लागतो, तोवर ठसा चालत नाही. म्हणून पिनचा एवढा आग्रह असतो. दुसरे कारण क्लाउडचे. गूगलकडून ईमेल आणि फोटोंचा मजकूर अधिकृतपणे मिळवायचा तर सहसा परदेशी सरकारमार्फत लांबलचक विनंती करावी लागते. पण उघड्या फोनमध्ये तीच खाती आधीच चालू असल्याने सारे एका स्पर्शावर समोर येते. पंचनाम्यात फोन कोणत्या अवस्थेत सील केला आणि प्रत काढताना हॅश मूल्य, म्हणजे माहितीत नंतर बदल झाला का हे दाखवणारी सांकेतिक खूण, नोंदवले का, हेही पाहा. सील न करता ठाण्यातच फोन चाळला गेला, तर मूळ माहितीत बदल झाल्याचा आक्षेप पुढे घेता येतो.

सुहास_नाशिक:
मग भावाच्या पत्नीने आज तिच्या खात्याचा पासवर्ड बदलला तर चालेल का?

अ‍ॅड_मृणाल:
काहीही पुसू नका हे निश्चित. पासवर्ड बदलल्यास पुरावा नष्ट होत नाही, तरी तपासात अडथळा आणल्याचा आरोप होऊ शकतो, म्हणून तुमच्या वकिलांशी बोलल्याशिवाय तेही करू नका. त्यापेक्षा उद्या भावाने लेखी अर्ज द्यावा: आपण तपासाला सहकार्य करत आहोत, पिनबाबत न्यायालयाच्या आदेशानंतर भूमिका घेऊ, फोनमधील पत्नीचे खाते गुन्ह्याशी संबंधित नाही, आणि पंचनाम्याची प्रत मिळावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. वीरेंद्र खन्ना निकालात, तपासात मिळालेली खासगी माहिती न्यायालयाच्या लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या व्यक्तीला दिल्यास तपास अधिकारी जबाबदार राहील, असेही म्हटले आहे; त्याचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

रानवारा:
आणि पोहोच दिली नाही तर?

अ‍ॅड_मृणाल:
तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने ठाण्याला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवावा.

सुहास_नाशिक:
वकील सकाळी नऊला भेटणार आहेत. अर्जाचा मसुदा आत्ताच लिहायला घेतो.