मदत हवी आहे: बोलून टाइप केलेल्या मेसेजमधला आकडा कसा पक्का करावा?

मी शेतकऱ्यांच्या फवारणीच्या प्रश्नांना व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देते. काल आलेला मेसेज असा:

“ताई कपाशीवर मामा आलाय औषध आणलंय पंधरा लिटरच्या पंपाला 60 मिली टाकू का पाऊस नाही”

कुठेही विराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. हाताने टाइप करताना चुकलं की बहुधा शब्द मोडका दिसतो. इथे ‘मामा’ शब्द शुद्ध आहे, फक्त जागा चुकली आहे. हवा होता ‘मावा’, कपाशीवरची कीड. यावरून बोलून टाइप केलं असावं असं वाटलं. मावा मी ओळखला, पण 60 ने धडकी भरली. दादा ‘सात’ म्हणाले आणि फोनने ‘साठ’ ऐकलं असेल तर?

मी चूक न दाखवता लिहिलं, “माव्यासाठी ना दादा? सात मिली की सहा दाहे साठ? डब्याच्या लेबलचा फोटो पाठवा, तोवर फवारू नका.” वाक्यं छोटी ठेवली, कारण बोलून लिहिणारे बरेचजण उत्तरही फोनकडून वाचून घेतात.

पण दर आकड्याला असं विचारलं की काहीजण वैतागतात. तुम्ही कोणते आकडे परत विचारता, कोणते सोडता? आणि ‘नाही’, ‘नको’ गळालं असेल तर कसं ओळखता?