बदनामीचे दहा अपवाद: सूत्र पाठ करावं की कलम वाचावं?

फोंड्याची_एलएलबी: बदनामीच्या दहा अपवादांचं आद्याक्षरांवरून सूत्र केलंय. कदंबाच्या बसमध्ये कार्डं चाळते, दहाही तोंडपाठ आहेत. तरी प्रॉब्लेमच्या प्रश्नात गुण येत नाहीत. ही सूत्रं खरंच कामाची असतात का?

मडगावकर: नसतात. सूत्रात नावं येतात, अटी गळतात, आणि गुण अटींनाच असतात. सरळ कलम वाच.

केशव_म्हापसा: अजिबात पटत नाही. ऐन पेपरात सातवा आणि आठवा अपवाद सूत्राशिवाय कोणाला आठवतो? आणि पहिल्याला अट कसली? खरं बोललं की बदनामी नाही, विषय संपला.

जुनी_वकीलबाई: केशव, ते दिवाणी दाव्यात. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी असावं लागतं. पेपरात इथेच बहुतेक जण घसरतात.

बाळे, कार्डं ठेव, फक्त नव्याने लाव. दुसरा-तिसरा वागणुकीचे, चौथा-पाचवा कोर्टाचे. सातव्यात अधिकारी हाताखालच्याला ठपका देतो, आठव्यात आपण अधिकाऱ्याकडे तक्रार नेतो. एक वरून खाली, एक खालून वर. आता एक कार्ड वेगळं कर: सद्भाव कुठे लागत नाही? फक्त पहिल्यात आणि चौथ्यात. बाकी आठांत लागतो, आणि सद्भाव म्हणजे नुसतं मन साफ नव्हे, पुरेशी खबरदारीही घेतलेली हवी.

उरलेल्या कार्डांवर प्रसंग लिही. दुकानदार मॅनेजरला सांगतो, “अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नको, त्याच्या प्रामाणिकपणाचा मला भरवसा नाही.” हे सद्भावाने आणि स्वतःच्या धंद्याच्या रक्षणासाठी, म्हणून नववा. कार्डाच्या मागे लिही: हेच गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर? त्या दोनशे जणांचा त्याच्या उधारीशी काय संबंध? नववा तिथे लंगडा पडतो.

वाड्यावरचा_बाबू: आमच्या सोसायटीच्या सभेत मला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. मग मी केस घालू का?

जुनी_वकीलबाई: बाबू, इथे परीक्षेचं चाललंय. कागद घेऊन वकिलाकडे जा.

मडगावकर: वकीलबाई, हे तर कलम वाचण्यासारखंच झालं, कार्ड निमित्ताला. आणि सीनियरकडून आलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर अजून जुन्या दंड संहितेचं कलम ४९९ असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६. अपवाद तेच, पण उत्तराच्या पहिल्याच ओळीत जुना आकडा दिसला की तपासणारा बिथरतो.

केशव_म्हापसा: आकडा खोडून नवा लिहायला किती वेळ लागतो रे? बरं वकीलबाई, त्या ग्रुपात सगळे दुकानदारच असले तर? ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी इशारा, म्हणजे दहावा.

जुनी_वकीलबाई: मांडता येईल. पण उधारी खरंच थकली होती का, हे त्याने आधी तपासलं होतं का?

मडगावकर: ग्रुपात एक जरी गिऱ्हाईक असलं तरी मी दहावा मानणार नाही.

केशव_म्हापसा: मी मानणार. बाजाराच्या ग्रुपात गिऱ्हाईक असणारच.