साक्षगंध मोडलं, आता 130 घरांना सांगायचं कसं

(सोसायटी ग्रुप, नागपूर. 10 ऑक्टोबर, रात्री)

सचिव काका: मघाशी आलेला "अमक्यांकडचं लग्न मोडलं म्हणे, खरं का?" हा मेसेज मी अॅडमिन म्हणून काढून टाकला आहे. या ग्रुपवर कुणाच्या घरची चौकशी होणार नाही.

ब-304 वहिनी: काका, बरं केलंत. पण त्याच विषयावर नाव न घेता विचारायचं होतं. एका घरी साक्षगंध होऊन गेलं, लग्न 12 डिसेंबरला होतं, आणि परवा या मुलीच्या घरच्यांनीच मुलाकडे नाही म्हणून कळवलं. यादीत साधारण 130 घरं आहेत, त्यातल्या 40 घरी पत्रिका पोचल्या. आईला वाटतं दिवाळी होऊ द्यावी, मग सांगू. मुलगी खोलीबाहेर यायला तयार नाही. सुरुवात कुठून करायची?

अ-102 काकू: दिवाळीपर्यंत थांबू नका. पुण्या-मुंबईचे पाहुणे 11 तारखेच्या गाडीने निघणार असतील. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 11 डिसेंबरच्या गाडीचं परवा सकाळी 8 वाजता. उद्या रात्रीपर्यंत त्या घरांना कळलं तर कुणाचा पैसा अडकत नाही. तिकीट काढल्यावर कळलं की पाहुण्याच्या बोलण्यात दुःखाआधी रागच येतो, आणि तो राग आईवडिलांना पचवावा लागतो.

अ-401 भाऊ: बरोबर. आणि "लग्न पुढे ढकललं" असं कोणी सुचवून राहिलं असेल तर ऐकू नका. लोक नवीन तारीख विचारत बसतात. एकदाचं सांगायचं ते दहादा सांगावं लागतं.

अ-102 काकू: "काही अपरिहार्य कारणास्तव" हेही नको. त्या शब्दांनीच लोकांचे कान टवकारतात. मजकूर साधा ठेवा, असा:

"सप्रेम नमस्कार. 12 डिसेंबरला ठरलेला विवाह रद्द झाला आहे. प्रवासाचं आरक्षण केलं असल्यास कृपया रद्द करावं, केलं नसल्यास करू नये. कारणांबद्दल आम्ही बोलणार नाही, कृपया समजून घ्यावं. काही दिवस फोनऐवजी मेसेज केलात तर सोयीचं होईल."

खाली वडिलांचं नाव. मुलीचं नाव मजकुरात नको, कारण हा मेसेज पुढे फिरणारच आहे. "दोन्ही घरांच्या संमतीने" हे तसं खरोखर ठरलं असेल तरच लिहा. नाहीतर तिकडून वेगळं काही कळतं आणि मधले नातेवाईक दोन्ही गोष्टी जुळवून पाहत बसतात. हा मजकूर पाठवण्याआधी दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्याने वाचलेला असावा.

ब-304 वहिनी: नात्यातल्या ग्रुपवर टाकून मोकळं व्हावं का?

अ-102 काकू: ग्रुपवर अजिबात नको. एकाने "अरेरे, काय झालं?" लिहिलं की पाठोपाठ चाळीस जण लिहितात, आणि मुलगी त्याच ग्रुपवर असते. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात उत्तरं एकेकट्याला येतात. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत ब्रॉडकास्ट पोचत नाही. वडिलांच्या ऑफिसातले, गावाकडचे, गुरुजी असे नेमके त्यात सुटतात. म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाला दोन टिका आलेल्या नाहीत ते पाहून तिथे वेगळा मेसेज करायचा.

पण मेसेजच्या आधी जवळच्या 12-15 घरी फोन. आजी, मामा, आत्या, ज्यांना मान असतो ते. हे फोन आईवडिलांनी करू नयेत. काका, मामा आणि मोठी बहीण यांनी चार-पाच घरं वाटून घ्यावीत. सगळे फोन एकाच संध्याकाळी दोन तासांत व्हावेत, आणि ज्यांच्या पोटात काही राहत नाही त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. वर्ध्याच्या आत्याला यवतमाळहून कळलं तर तो रुसवा वर्षभर पुरतो.

अ-401 भाऊ: आणि फोनवर आत्याने विचारलंच, काहून मोडलं म्हणून?

क-201 ताई: मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून सांगते. कारण सांगितलं की त्यावर मत येतंच. "नोकरीचं खोटं सांगितलं" म्हणाल, तर "एवढ्यावरून मोडतात का?" "स्वभाव जुळला नाही" म्हणाल, तर "लग्नानंतर जुळतं गं." खरं कारण जितकं गंभीर, तितकी चर्चा लांबते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य पाठ करायचं: "आम्ही विचार करून ठरवलं आहे, कारण घरातच ठेवतोय." पुन्हा विचारलं तर शब्दही न बदलता तेच वाक्य. तिसऱ्यांदा विचारलं तर विषय बदलून फोन ठेवायचा. माणूस शब्द बदलतो तेव्हाच समोरच्याला वाटतं, अजून थोडं रेटलं तर कळेल.

ब-304 वहिनी: आणि मुलीचं काय?

क-201 ताई: तिला आत्ता दोन गोष्टी एकदम होत आहेत आणि घरचे त्यांना एकच समजतात. लाज लोकांची आहे. ती बातमी कळण्याआधी सगळ्यात जास्त असते आणि सगळ्यांना कळलं की उतरायला लागते, म्हणूनही दिवाळीपर्यंत लपवणं नको. दुःख त्या माणसाचं आणि मनात मांडलेल्या घराचं असतं, ते बातमी फुटली म्हणून कमी होत नाही. साधारण महिन्याभराने आईवडिलांची लाज ओसरते आणि ते नवीन स्थळ दाखवायला लागतात. मुलगी चिडते, मग "आता काय झालं हिला?" मोडण्याचा निर्णय तिचाच असला तरी रडू येतं. त्यावरून निर्णय चुकला असं कुणी म्हणू नये.

दोन आठवड्यांहून जास्त झोप, जेवण, कामावर जाणं बिघडलेलंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. जगून काय करू असं बोलली तर त्याच दिवशी, आणि तिला एकटं ठेवू नका. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं.

अ-401 भाऊ: एक गोष्ट सगळे विसरतात. हॉल आणि कॅटररला वडील कळवतात, पण पार्लर, मेंदीवाली, ब्लाउज शिवणारी, फोटोवाला यांच्याकडे नंबर मुलीचा असतो. नोव्हेंबरच्या शेवटी "ताई, ट्रायलला कधी येता?" म्हणून फोन तिलाच जातो. आजच त्या सगळ्यांची यादी करून बहिणीने फोन करावा आणि पुढे स्वतःचाच नंबर लावून घ्यावा.

अ-102 काकू: अंगठी, साड्या, दागिने परत करायला मुलीने जाऊ नये. दोन्हीकडून एकेक मोठा माणूस, वस्तूंची यादी दोन प्रतींत, फोटो, दोघांच्या सह्या, एकाच भेटीत काम संपवायचं. मिठाई-फळांचा हिशोब काढू नका, त्यात फक्त भांडण होतं. पाहुण्यांनी साक्षगंधात सोनं दिलं असेल तर ते परत करावं. पाचशेची पाकिटं परत करायला गेलात तर देणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं.

ब-304 वहिनी: भाऊबीजेला सगळे तिच्या मामाकडे जमतात. तिने जावं?

क-201 ताई: तिला विचारा. गेलीच तर तासाभरासाठी, पोचायची आणि निघायची वेळ आधी ठरवून, सोबत एक जण असा की जो तिने खूण केली की उठेल. मामींनी तिच्या येण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवावं की विषय नको. गप्प गप्प राहून बघणं हेही नको, पोह्यांचं विचारा, ऑफिसचं विचारा. सर्वांत आधी एखाद्या लग्नाला मात्र नेऊ नका. आणि 12 डिसेंबरचा दिवस रिकामा सोडू नका. त्या दिवशी कुठे असायचं ते तीच ठरवेल.

ब-304 वहिनी: मजकूर त्यांना पाठवला. उद्या संध्याकाळी फोन करायला मामा येतील म्हणाले.

सचिव काका: 11 आणि 12 डिसेंबरला गच्ची आणि पाहुण्यांच्या गाड्यांसाठी मागची जागा राखून ठेवली होती, ती मी नोंदवहीतून काढतो आहे. कारणाचा रकाना कोरा ठेवलाय. वॉचमनला सांगितलंय, कुणी विचारलं तर "मला माहीत नाही" म्हणायचं.