मदत हवी आहे : आधीच झालेला खर्च ना-नफा-ना-तोटा विक्रीच्या हिशेबात धरावा का?

नवीन लहान उत्पादन बाजारात आणण्यापूर्वी किती नग विकल्यावर खर्च भरून निघेल, याचा हिशेब मी मांडत आहे. विक्री किंमत 100 एकक आणि कच्चा माल, मजुरी व वेष्टन मिळून बदलता खर्च 60 एकक धरल्यावर प्रति नग अंशदान 40 आले, आणि 48,000 च्या स्थिर खर्चाला त्याने भागून मी 1,200 नगांवर निश्चिंत झालो होतो. परंतु विक्रेत्याचे 15 टक्के कमिशन प्रत्येक नगाबरोबर द्यावे लागते, म्हणजे तोही बदलता खर्चच आहे, हे नंतर लक्षात आले. अंशदान 25 वर उतरले आणि आकडा थेट 1,920 झाला.

खरी अडचण पुढे आहे. स्थिर खर्चातील 18,000 साच्यावर आधीच खर्च झाले असून साचा विकला जाणार नाही. ते वगळल्यास उरलेल्या 30,000 साठी 1,200 नग पुरतात. माझा अंदाज सुमारे 1,500 नगांचा आहे. उत्पादन आणावे की नाही हे ठरवताना 1,200 हाच आकडा पाहावा, आणि 1,920 केवळ एकूण गुंतवणूक वसूल होण्यासाठी मानावा, हे माझे आकलन बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया कारणासह सांगावे.